एकच छायाचित्र, तीन अहवाल

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात महिला सक्षमीकरणावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. मी तेव्हा वाणिज्य विभागात शिकवत होते आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, म्हणजे सगळे ज्याला आयक्यूएसी म्हणतात त्याची, समन्वयक होते. कार्यशाळेचा खर्च तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने आपल्या सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या, निधीतून केला होता. वक्त्या आल्या होत्या एका छोट्या विश्वस्त संस्थेतून. घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी ही संस्था सल्ला केंद्र चालवते. तिघांनी मिळून आधीच एक सामंजस्य करार केला होता. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांना व्यासपीठावर उभे करून छायाचित्र काढले गेले. मागे तिन्ही संस्थांची बोधचिन्हे असलेला फलक होता आणि छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटली होती. पुढच्या पंधरवड्यात तेच छायाचित्र, तीच हजेरीची यादी आणि जवळपास तोच मजकूर तीन वेगवेगळ्या अहवालांत गेला. आमच्याकडे तो महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला पाठवायच्या वार्षिक अहवालात विस्तारकार्याच्या आणि करारांच्या रकान्यांत बसला, कंपनीने तो सामाजिक दायित्वाच्या अहवालात घातला आणि विश्वस्त संस्थेने पुढच्या देणगीदाराला द्यायच्या पुस्तिकेत.

निवृत्तीनंतर मी त्याच संस्थेची विश्वस्त झाले, त्यामुळे हा व्यवहार मला दोन्ही बाजूंनी पाहता आला. महाविद्यालय शिकवण्यासाठी असते, कंपनी माल विकून नफा मिळवण्यासाठी असते आणि आमचे केंद्र रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला सकाळी कुठे जायचे ते कळावे म्हणून सुरू झाले. या तिघांत साम्य असण्याचे कारण नव्हते. तरीही आज तिघांकडे ‘दृष्टी’ आणि ‘ध्येय’ लिहिलेली पाटी आहे, पाच वर्षांचा आराखडा आहे, समित्यांची उतरंड आहे, अभिप्रायाचे छापील अर्ज आहेत आणि ‘परिणाम’, ‘लाभार्थी’, ‘हितसंबंधी घटक’ हीच शब्दसंपत्ती आहे. याचे उत्तर सहसा असे दिले जाते की आधुनिक व्यवस्थापनाची पद्धत अधिक चांगली आहे, म्हणून शहाण्या संस्था ती स्वीकारतात. हे उत्तर बहुतांशी चुकीचे आहे असे माझे मत आहे. त्याच चुकीच्या निदानावर आपण संस्थांना अनुदान, श्रेणी आणि निधी देण्याचे नियम बांधत आहोत, म्हणून हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहत नाही.

पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एका दीर्घ निबंधात हाच प्रश्न विचारला होता. त्याआधीचे संशोधक संस्थांचे इतके नाना प्रकार का असतात याचा शोध घेत होते. या दोघांनी प्रश्न उलटा केला आणि विचारले की एखादे क्षेत्र एकदा स्थिरावले की त्यातल्या संस्था इतक्या एकसारख्या का होत जातात. मॅक्स वेबरचे म्हणणे असे होते की बाजारातली स्पर्धा आणि कार्यक्षमतेची गरज यांमुळे नोकरशाहीचा साचा सर्वत्र पसरतो. डिमॅजिओ आणि पॉवेल म्हणाले की ते इंजिन आता बदलले आहे. साचा पसरवण्याचे काम आता मुख्यतः शासन आणि शिक्षित व्यावसायिकांचे वर्ग करतात, आणि या प्रवासात संस्था एकसारख्या होतात. त्या अधिक कार्यक्षम होतीलच असे नाही. या प्रक्रियेला त्यांनी जे नाव दिले त्याला मराठीत संस्थात्मक समरूपता म्हणता येईल. संस्थेला टिकण्यासाठी पैसा आणि माणसे लागतात, तशीच मान्यताही लागते. ‘ही खरीखुरी, रीतसर संस्था आहे’ असे इतरांना वाटावे लागते. हे वाटणे जिच्यावर अवलंबून असते त्या खुणा संस्था धारण करतात. त्या खुणांनी मूळ काम सुधारते की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बहुधा कोणी विचारत नाही.

त्यांनी सांगितलेले तीन दाब आमच्या त्या शनिवारच्या कार्यशाळेत स्पष्ट दिसतात. पहिला दाब सक्तीचा. कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ पासून नियम अधिक कडक झाले. खर्च न झालेली रक्कम, चालू बहुवर्षीय प्रकल्पासाठी राखलेली नसेल तर, ठरावीक मुदतीत शासनाच्या निधीत भरावी लागते, आणि ज्या संस्थेमार्फत काम करायचे तिची ‘सीएसआर-१’ या अर्जाने नोंदणी असावी लागते. कंपनीवरची ही सक्ती कंपनीपाशी थांबत नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. कंपनीला ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, म्हणून तिला फेब्रुवारीत होऊन संपणारा कार्यक्रम हवा असतो. तिच्या संचालक मंडळापुढे आकडा ठेवायचा असतो, म्हणून तिला मोजता येणारे लाभार्थी हवे असतात. मग विश्वस्त संस्थेचे वर्षही एप्रिल ते मार्च या चौकटीत वळते आणि तिचे काम एका दिवसात संपणाऱ्या, मोजता येणाऱ्या तुकड्यांत कापले जाते. शासनाने कंपनीला सांगितले, कंपनीने संस्थेला सांगितले, आणि संस्थेला मात्र हे आपणच ठरवले असे वाटू लागले. महाविद्यालयाचेही तेच. नॅकची स्थापना १९९४ ची. सुरुवातीला तिच्यापुढे जाणे ऐच्छिक होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने मूल्यांकन बंधनकारक करणारे नियम केले आणि केंद्राचा काही निधीही त्याच्याशी जोडला गेला. ज्या एका दारातून पैसा येतो त्या दाराच्या मापाचे व्हावे लागते, आणि अनेक संस्था एकाच दाराशी उभ्या असतील तर त्या सगळ्या एकाच मापाच्या होतात.

दुसरा दाब अनुकरणाचा. उद्दिष्ट धूसर असते आणि कोणत्या कृतीने ते साधते याची खात्री नसते, तेव्हा संस्था आजूबाजूच्या यशस्वी समजल्या जाणाऱ्या संस्थेकडे पाहते आणि तसेच करू लागते. कारखान्यात निदान सदोष नग किती निघाले हे मोजता येते. चांगले शिकवले गेले का, किंवा एखाद्या बाईचे घरातले भय कमी झाले का, हे मोजणे अवघड असते, म्हणून अनुकरणाचा जोर महाविद्यालयांत आणि सेवाभावी संस्थांत अधिक असतो.

नॅकच्या मूल्यांकनात सात निकष असतात आणि सातव्या निकषात महाविद्यालयाने आपल्या दोन ‘उत्तम प्रथा’ लिहायच्या असतात. त्यांचाही नमुना ठरलेला असतो: शीर्षक, उद्दिष्टे, पार्श्वभूमी, प्रत्यक्ष प्रथा, यशाचा पुरावा, आलेल्या अडचणी. त्यानंतर संस्थेचे वेगळेपण काय हेही सांगायचे असते. मी स्वतः हा मजकूर लिहायला बसले तेव्हा सर्वांत आधी चांगली श्रेणी मिळालेल्या चार महाविद्यालयांची संकेतस्थळे उघडली. हे सांगताना मला आजही वाईट वाटते. आमच्याकडे खरोखर वेगळी अशी एक गोष्ट होती. भूगोलाचे एक प्राध्यापक दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन परिसरातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत असत आणि त्यांच्याकडे अकरा वर्षांच्या वह्या होत्या. पण त्या कामाला ठराव नव्हता, समिती नव्हती, छायाचित्रे नव्हती आणि ‘यशाचा पुरावा’ या मथळ्याखाली काय लिहावे ते आम्हाला सुचेना. आम्ही गांडूळखत प्रकल्प आणि विद्यार्थी-पालकत्व योजना लिहिली, कारण त्या चार महाविद्यालयांपैकी तिघांनी तेच लिहिले होते. आमच्यावर कोणी तशी सक्ती केली नव्हती. वेगळेपणाचा रकाना भरतानाच आम्ही आमचे वेगळेपण वगळले.

तिसरा दाब व्यावसायिक शिक्षणातून येतो आणि तो सर्वांत कमी जाणवतो, कारण तो माणसांच्या मनातूनच येतो. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे पहिले प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले, तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. त्यानंतर समाजकार्याच्या पदव्या देणारी महाविद्यालये राज्यभर निघाली आणि त्यांतून बाहेर पडलेली मुले-मुली आज कंपन्यांच्या सीएसआर विभागांत, विश्वस्त संस्थांत आणि महाविद्यालयांतही काम करतात. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांचेही तसेच. त्या शनिवारी कंपनीकडून आलेला अधिकारी आणि आमच्या संस्थेची प्रकल्प समन्वयक एकाच महाविद्यालयात दोन वर्षांच्या अंतराने शिकलेले होते. दोघांनाही प्रकल्प म्हणजे गृहीतके, निविष्टी, निष्पत्ती, परिणाम असा चार रकान्यांचा तक्ता हेच शिकवले गेले होते. दोघेही प्रामाणिक आणि कष्टाळू होते. त्यांच्या मनात प्रकल्पाची दुसरी काही कल्पनाच नव्हती, म्हणून त्यांना एकमेकांची भाषा चटकन समजली, आणि केंद्राच्या जुन्या कार्यकर्तीची, जी फक्त सातवी शिकलेली आहे, समजली नाही.

इथे एक रास्त शंका येते. समरूपता दिसली की तिचे कारण मान्यतेची ओढ हेच, असे कशावरून म्हणायचे? पद्धत खरोखर चांगली असेल तरीही सगळे एकसारखेच होतील. पाऊस आला की सगळे छत्री उघडतात, त्याला कोणी अनुकरण म्हणत नाही. या शंकेला माझ्या वाचनात आलेले सर्वांत चांगले उत्तर पामेला टॉलबर्ट आणि लिन झुकर यांच्या अभ्यासात आहे. तोही १९८३ मध्येच प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या शहरांच्या नगरपालिकांनी १८८० ते १९३५ या काळात एक सुधारणा हळूहळू स्वीकारली. पुढाऱ्यांच्या शिफारशीने नोकर भरण्याऐवजी परीक्षा घेऊन गुणवत्तेवर भरावेत, अशी ती सुधारणा होती. ज्या राज्यांत कायद्याने सक्ती केली तिथे ती झपाट्याने पसरली. सक्ती नव्हती तिथे सुरुवातीला कोणत्या शहरांनी ती घेतली हे त्या शहरांच्या गरजांवरून सांगता येत होते, म्हणजे त्यांचा आकार, स्थलांतरितांचे प्रमाण, तिथले राजकीय झगडे यांवरून. पण जसजशी वर्षे गेली तसतसा हा संबंध विरत गेला. उशिरा आलेल्या शहरांच्या बाबतीत त्यांची स्वतःची परिस्थिती काहीच सांगेना. ‘योग्य नगरपालिका अशीच असते’ हे सर्वमान्य झाले होते, एवढेच कारण उरले होते. ही कसोटी फार उपयोगी आहे. एखादी पद्धत प्रथम कोणी आणि कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून आणली ते शोधावे, आणि मग आज ती स्वीकारणाऱ्याला ती अडचण आहे का ते पाहावे. अडचण नसतानाही पद्धत येत असेल तर ती मान्यतेसाठी येत आहे.

ही कसोटी मी आमच्या विश्वस्त संस्थेला लावली. आमच्याकडे एक ‘मनुष्यबळ धोरण’ आहे, २४ पानांचे. एका मोठ्या संस्थेच्या धोरणावरून ते केले आहे आणि त्या संस्थेत काहीशे कर्मचारी आहेत. बदल्या, प्रतिनियुक्ती आणि विभागांतर्गत पदोन्नती यांचे नियम तिला लागतात. आमच्याकडे पगारी माणसे पाच आहेत आणि केंद्र एका खोलीत चालते. बदली करायला दुसरी खोलीही नाही. तरी ते धोरण आम्ही केले, कारण एका देणगीदाराच्या तपासणी यादीत त्यापुढे ‘होय’ लिहायचे होते.

कोणी म्हणेल, कागद कपाटात राहिला तर बिघडले काय? जॉन मेयर आणि ब्रायन रोवन यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवले होते की संस्था अशा वेळी औपचारिक रचना आणि प्रत्यक्ष काम यांत फारकत करतात. बाहेरच्यांसाठी एक रचना उभी असते आणि आत काम आपल्या पद्धतीने चालू राहते. या फारकतीत काही शहाणपणही आहे, कारण तिच्यामुळे कामाला श्वास घ्यायला जागा मिळते. पण ती फुकट मिळत नाही, आणि छोट्या संस्थेत तर फार महाग पडते. मोठ्या कंपनीत अहवालासाठी स्वतंत्र विभाग असतो. पाच माणसांच्या केंद्रात अहवाल लिहिणारी आणि दारात आलेल्या बाईला पाणी देऊन बसवणारी व्यक्ती एकच असते.

या केंद्राचे काम कसे चालते ते थोडे सांगायला हवे. एखादी बाई पहिल्यांदा येते तेव्हा बहुतेकदा ती खरे कारण सांगतच नाही; रेशनकार्डाची चौकशी करते, मुलाच्या शाळेच्या दाखल्याचे विचारते. तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला बोलते. मग तिच्या भावाला भेटायचे, सासरच्या गावातल्या एखाद्या मानणाऱ्या माणसाला गाठायचे, गरज पडली तर संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती हिंसाचाराचा अर्ज करायचा, तारखांना सोबत जायचे. कधी दोन वर्षे जातात आणि शेवटी ती बाई त्याच घरात परत जाते, पण आता हात उगारण्याआधी तिथला माणूस विचार करतो. याला निधीच्या अर्जात रकाना नाही. त्या अर्जात ‘लाभार्थी संख्या’ आहे, आणि दोन वर्षांची ही सोबत तिथे ‘एक’ म्हणून भरली जाते, तर सभागृहात तीन तास बसलेल्या मुली ‘एकशे ऐंशी’ म्हणून. पहिल्या वर्षी आमच्या कार्यकर्त्यांनी कार्यशाळा वरकड काम म्हणून केल्या. तिसऱ्या वर्षी महिन्याला चार कार्यशाळा होत होत्या आणि घरभेटींची वही महिनोन्महिने कोरी राहत होती. फारकत ठेवून मूळ काम वाचवता येईल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात अहवालातले काम वाढत गेले आणि त्याने मूळ कामाचे दिवस खाल्ले. केंद्र कोणी बंद केले नाही, कोणाचा हेतूही वाईट नव्हता. फक्त ते आता इतर संस्थांसारखे दिसू लागले होते आणि त्यांच्यासारखेच वागूही लागले होते.

महाराष्ट्राला हा विषय अधिक लागायला हवा, कारण संस्था वेगवेगळ्या घडणीच्या असू शकतात हे इथल्या लोकांनी प्रत्यक्ष करून दाखवले होते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक हे नोकर नव्हते. ते आजीव सभासद होते, संस्थेचा कारभार तेच पाहत, आणि ७५ रुपये मासिक वेतनावर २० वर्षे सेवा देण्याची त्यांची प्रतिज्ञा असे. सभासदाने बाहेरून उत्पन्न मिळवावे की नाही यावर तिथे इतका तीव्र वाद झाला की १८९० मध्ये टिळक बाहेर पडले; संस्थेचा आकार हा तत्त्वाचा प्रश्न मानला जात होता याची ती खूण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली ती वसतिगृहांच्या बळावर. सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे, स्वतः राबायचे आणि शिकायचे, हा तिचा गाभा होता. ‘कमवा आणि शिका’ ही तिथे शिक्षणाची रीत होती, अहवालातली उत्तम प्रथा नव्हती. या दोन संस्थांची घडण एकमेकींहून इतकी भिन्न होती की एकाच तक्त्यात दोघींना बसवणे कठीण गेले असते.

अण्णासाहेब कर्व्यांचे उदाहरण मला अधिक विचारात पाडते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि त्यावरून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, मातृभाषेतून शिकवणारे आणि स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असणारे. म्हणजे अनुकरण हे मुळातच दोषास्पद नाही. दूरचा नमुना घेतला तर जवळच्या साच्यातून सुटताही येते. पण त्याची किंमतही कर्व्यांना मोजावी लागली. त्यांच्या पदव्यांना दीर्घकाळ सरकारी मान्यता नव्हती, घरोघर फिरून निधी गोळा करावा लागला, आणि १९२० मध्ये ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली तेव्हा कुठे आधार लाभला. विद्यापीठाला वैधानिक दर्जा १९५१ मध्ये मिळाला. वेगळे राहण्याची किंमत तेव्हाही होती; फरक इतकाच की ती मोजून तगून राहता येत होते. आज कंपनीचा निधी हवा असेल तर तीन वर्षांच्या पूर्वानुभवाची अट आहे, आयकराच्या दोन वेगवेगळ्या कलमांखाली नोंदणी आहे, सीएसआर-१ आहे, आणि परदेशी देणगी घ्यायची तर त्याचा स्वतंत्र कायदा आहे. आज कोणी कर्वे हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून बसले, तर त्यांना पहिली तीन वर्षे या दारातून काहीच मिळणार नाही.

सिद्धान्ताच्या बाजूने बोलताना त्याच्या मर्यादाही मांडायला हव्यात. मॅथ्यू क्रॅट्झ आणि एडवर्ड झाजाक यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ६३१ खासगी उदारकला महाविद्यालयांचा सोळा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिद्धान्तानुसार या महाविद्यालयांनी परंपरेला धरून राहायला हवे होते आणि नामांकित महाविद्यालयांचे अनुकरण करायला हवे होते. तसे झाले नाही. विद्यार्थ्यांना नोकरीचे शिक्षण हवे होते, म्हणून अनेकांनी तत्त्वज्ञान आणि साहित्याच्या जोडीला व्यवसायशिक्षण सुरू केले, आपापल्या भागातली मागणी पाहून केले, आणि त्यामुळे ती बुडाली नाहीत. म्हणजे पोटाचा प्रश्न आला आणि समोरचा माणूस प्रत्यक्ष फी भरणारा असला, की संस्था मान्यतेच्या साच्याबाहेर पडू शकतात. माझ्या मते यातून सिद्धान्त खोटा ठरत नाही. त्याची हद्द कळते. ज्याची सेवा करायची तोच पैसे देतो तिथे साच्याची पकड सैल असते. सेवा एकाची आणि पैसा दुसऱ्याचा, अशी जिथे फाळणी असते, तिथे ती घट्ट होते. आमच्या केंद्रात येणारी बाई पैसे देत नाही, म्हणून तिचे मत कुठल्याही अर्जावर पोहोचत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. प्रत्येक सक्ती वाईट असते असे मी म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा महाविद्यालयाला, कंपनीला आणि विश्वस्त संस्थेला सारखाच लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, एक सदस्य बाहेरचा हवा, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. ही समरूपता मला हवीच आहे, कारण ती नसताना संस्थांचे ‘वेगळेपण’ म्हणजे बाईने गप्प बसणे एवढेच होते. पण इथेही रचना आणि काम यांतली फारकत होतेच. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाशी संबंधित एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, असे नोंदवले. ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये अशी समितीच नव्हती, ही वृत्तपत्रातली माहिती न्यायालयाने निकालात घेतली. आणि समिती असली तरी ती जिवंत आहे का, हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही. मी अशा समितीवर बाहेरची सदस्य म्हणून जाते तेव्हा कागदपत्रे मागण्याआधी सफाईचे काम करणाऱ्या बाईंना विचारते की तक्रार करायची तर कोणाकडे जाल. त्यांनी नाव सांगितले तर समिती आहे.

हा अनुभव आणि नॅकचा अनुभव शेजारी ठेवले की माझी भूमिका स्पष्ट होते. अंतर्गत समितीची अट एका ठरावीक अन्यायावर उपाय म्हणून आली आणि ती अडचण जिथे माणसे काम करतात तिथे सर्वत्र आहे. टॉलबर्ट आणि झुकर यांच्या कसोटीवर ती उतरते. हिशेबाची तपासणी हीही तशीच; लोकांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येकाला ती हवी. दृष्टी-ध्येयाची पाटी, करारांची संख्या, दोन उत्तम प्रथांचा नमुना आणि पाच माणसांच्या संस्थेचे मनुष्यबळ धोरण या कसोटीवर उतरत नाहीत. शासनाने आणि निधी देणाऱ्यांनी अन्याय रोखणाऱ्या आणि पैशाचा हिशेब मागणाऱ्या अटी सर्वांना सारख्या लावाव्यात, त्यांची तपासणीही कडक करावी. पण संस्थेने आपले काम कोणत्या आकारात करावे याविषयीच्या अटी काढून टाकाव्यात. नॅकने २०२४ च्या सुरुवातीला श्रेणी बंद करून ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ असे दोनच निकाल देण्याची पद्धत जाहीर केली. श्रेणीच्या शर्यतीतून महाविद्यालये सुटतील हे चांगले आहे. पण मान्यतेच्या उंबरठ्यावर तोच तक्ता ठेवला, तर सर्वांत दुर्बल महाविद्यालये, ज्यांना अनुकरणावाचून पर्याय नसतो, अधिकच एकसारखी होतील. उंबरठा ठरवायचाच असेल तर शिक्षकांच्या किती जागा भरलेल्या आहेत, तास होतात का, ग्रंथालयातून पुस्तके खरोखर जातात का, एवढ्या थोड्या आणि प्रत्यक्ष पाहता येण्यासारख्या गोष्टींवर ठरवावा.

कंपन्यांना तर याहून सोपी गोष्ट करता येईल. कायद्यात एकाच वर्षात संपणाऱ्या प्रकल्पाचीच सक्ती नाही. तीन आर्थिक वर्षांपर्यंत, आणि सुरुवातीचे वर्ष त्याच्या वर, असा चालू प्रकल्प नियमांना मान्य आहे, आणि त्याची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. फेब्रुवारीची घाई कायद्याने लादलेली नाही, ती बव्हंशी सवयीची आणि एकमेकांकडे पाहून आलेली आहे. आमच्या केंद्राने गेल्या वर्षी एका कंपनीशी याच तरतुदीवर बोलणे केले. आम्ही तीन वर्षांचा प्रस्ताव दिला आणि लाभार्थी संख्येच्या रकान्यापुढे जोडपत्र जोडले: सहा बायकांच्या नोंदी, नावे आणि गावे वगळून, प्रत्येकीच्या किती भेटी झाल्या, कोणाकडे गेलो, काय झाले आणि काय झाले नाही. कंपनीच्या समितीतल्या एका लेखापालांनी ते पूर्ण वाचले आणि विचारले की चौथ्या नोंदीतली बाई सातव्या भेटीनंतर यायची का थांबली. आम्हाला निधी देणाऱ्याने आमच्या कामाविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. उत्तर आमच्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी आमची जुनी कार्यकर्ती त्या गावाला गेली.